प्रकल्प नोंदी: एअर डेक्कनचा स्ट्रॅटेजी कॅनव्हास, २००३ ते २००८

६ जानेवारी

स्ट्रॅटेजिक मार्केटिंगच्या मॉड्यूलसाठी केस ठरली: एअर डेक्कन. सर्कस आणि वाइनची नेहमीची उदाहरणं सोडून ही घेण्याचं कारण म्हणजे इथे ब्लू ओशन मांडणीतले दोन्ही समुद्र, म्हणजे स्पर्धक नसलेला निळा बाजार आणि गर्दीचा लाल बाजार, एकाच कंपनीच्या आयुष्यात दिसतात. ऑगस्ट २००३ मध्ये बंगळुरू–हुबळी मार्गावर उड्डाणं सुरू झाली तेव्हा देशात स्वस्त विमानसेवा नावाचा प्रकारच नव्हता. २००६ संपेपर्यंत त्याच पाण्यात चार-पाच कंपन्या एकमेकींचे पाय ओढत होत्या, आणि २००८ मध्ये डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन झाली. 'निळा समुद्र शोधा' एवढं सांगणारी केस अर्धीच असते. तो निळा किती दिवस राहतो आणि नेमका कुठून लाल व्हायला लागतो, हे दाखवायचं तर ही केस बरी.

साधन एकच: स्ट्रॅटेजी कॅनव्हास. आडव्या अक्षावर ग्राहक ज्या गोष्टींवरून निवड करतो ते घटक, उभ्या अक्षावर प्रत्येक कंपनी तो घटक ग्राहकाला किती देते त्याचे गुण. ठिपके जोडले की त्या कंपनीची रेघ तयार होते. आपली रेघ बाकीच्यांच्या रेघांना चिकटून चालत असेल तर आपण गर्दीत आहोत. ती वेगळ्याच आकाराची असेल, तरच पुढच्या प्रश्नांना अर्थ आहे.

८ जानेवारी

घटकांची पहिली यादी काढली आणि ती जवळजवळ सगळी टाकून द्यावी लागली. यादीत 'एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं', 'कमी मनुष्यबळ', 'स्वतःची बुकिंग यंत्रणा' असलं बरंच काही होतं. हे कंपनीच्या घरातलं सामान झालं. प्रवासी तिकीट काढताना 'यांच्याकडे एटीआर आहेत' असा विचार करत नाही. त्याला विचारायचं असतं की माझ्या गावाजवळून विमान सुटतं का आणि किती वेळात पोचवतं. म्हणून प्रत्येक ओळीला एक चाळणी लावली: हा घटक तिकिटाच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडी येईल का? नाही आला तर कॅनव्हासवर नाही. घरातलं सामान खर्चाच्या तक्त्यात जाईल.

चाळल्यावर अकरा घटक उरले. आठाच्या खाली गेलं की रेघेला आकार येत नाही आणि बाराच्या वर गेलं की कोणी वाचत नाही.

'सेवेचा दर्जा' हा घटक मुद्दाम ठेवला नाही. त्यात जेवण, लाउंज, वक्तशीरपणा, हवाईसुंदरीचं हसू असं सगळं कोंबलं जातं आणि मग कुठलाही गुण द्या, तो बरोबरच वाटतो. ते वेगळं काढल्यावरच दिसलं की डेक्कनने यातलं काय मुद्दाम सोडलं आणि काय नाइलाजाने सुटलं. पुढे हाच फरक महत्त्वाचा ठरला.

९ जानेवारी

तुलना कोणाशी करायची, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा.

पहिल्या मसुद्यात फक्त विमान कंपन्या होत्या: इंडियन एअरलाइन्स, जेट, सहारा. तिघांच्या रेघा काढल्या तर त्या जवळजवळ एकावर एक बसल्या. गरम जेवण, बिझनेस क्लास, वारंवार उडणाऱ्यांना पॉइंट्स, एजंटकडून तिकीट, महानगरांमधल्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या. एकीने लाउंज सजवला की दुसरी मेनू सुधारायची. लाल समुद्र म्हणतात तो हाच. भांडण असतं, पण सगळे एकाच गोष्टीवरून भांडत असतात.

पण डेक्कनने ज्याला तिकीट विकायचं ठरवलं तो माणूस या तिघांपैकी कोणाच्याच विमानात नव्हता. तो रेल्वेच्या एसी टू टियरमध्ये होता. त्या काळात रेल्वे एका दिवसात जेवढे प्रवासी नेत होती, साधारण तेवढेच देशांतर्गत विमानांतून वर्षभरात जात होते. म्हणून कॅनव्हासवर रेल्वेची रेघ हवीच. ती नसेल तर डेक्कन म्हणजे 'जेवण काढून टाकलेली जेट' एवढंच दिसतं, आणि तसं पाहिलं तर ती फक्त हलक्या दर्जाची विमान कंपनी ठरते.

ग्राहक नसलेल्यांचे तीन थर या केसमध्ये असे पडतात. पहिला थर, ऑफिसच्या पैशाने विमानाने जाणारा पण घरच्या लग्नाला ट्रेनने जाणारा. हा दारातच उभा आहे, भाडं उतरलं की आत येतो. दुसरा थर, विमानाचा विचार करून नकार दिलेला: छोटा व्यापारी, वैद्यकीय प्रतिनिधी, ज्याला एक रात्र वाचवायची आहे पण हिशेब जुळत नाही. तिसरा थर, ज्याच्या डोक्यात विमान हा पर्यायच नाही, कारण त्याच्या शहरातून विमान सुटत नाही किंवा विमान 'आपल्यासाठी नसतं'. डेक्कनने आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन बोधचिन्ह म्हणून घेतला तो या तिसऱ्या थराशी बोलण्यासाठी. चौकड्यांचा कोट घातलेला तो म्हातारा विमानाच्या जाहिरातीत बघून कोणालाही कळत होतं की हे तिकीट कोणासाठी आहे.

कोणता थर धरलाय ते कॅनव्हासच्या खाली लिहून ठेवायचं. कारण गुण त्यावर बदलतात. 'तिकीट मिळण्याची सोय' पहिल्या थराला जेटकडेही चांगलीच वाटेल, त्याचा एजंट ठरलेला असतो. तिसऱ्या थरासाठी एजंट ही भिंत आहे. आपण दुसरा थर धरला.

१३ जानेवारी

गुण द्यायला बसलो. ० ते ५. नुसतं 'मला वाटतं ४' चालणार नाही, म्हणून प्रत्येक घटकाच्या टोकांना डोळ्यांनी तपासता येईल अशी खूण लावली. 'लहान शहरांपर्यंत पोहोच': ० म्हणजे फक्त महानगरं, ५ म्हणजे जिल्ह्याच्या गावापर्यंत. 'जेवण': ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे विकत, ५ म्हणजे भाड्यात धरलेलं गरम जेवण. जुनी वेळापत्रकं आणि जाहिराती बघून आम्ही तिघांनी वेगवेगळे गुण दिले. दोन किंवा त्याहून जास्त फरक पडला तिथे सरासरी काढली नाही, खूण नीट लिहिली आणि पुन्हा गुण दिले. असं तीन घटकांत झालं, आणि तिन्ही वेळा खूणच ढिली निघाली.

भाड्याच्या घटकात नेहमीचा घोळ होतो. काही जण 'स्वस्त = चांगलं = ५' असं उलटं लावतात. कॅनव्हासवर भाडं जसं आहे तसं मांडायचं: जास्त भाडं म्हणजे वरचा ठिपका. कॅनव्हास चांगलं-वाईट सांगत नाही, कंपनी कुठे किती देते आणि ग्राहकाकडून किती घेते ते सांगतो.

तक्ता असा उतरला. गुण आमच्या अंदाजाचे आहेत, मोजमापाचे नाहीत. शेवटचा स्तंभ २००५-०६ मध्ये आलेल्या स्वस्त कंपन्यांचा.

| घटक | जुन्या कंपन्या | रेल्वे एसी | डेक्कन | नव्या स्वस्त |
|---|---|---|---|---|
| भाडं | ५ | १ | २ | २ |
| जेवण | ५ | ३ | १ | १ |
| लाउंज, बिझनेस क्लास | ४ | १ | ० | ० |
| पॉइंट्स | ४ | ० | ० | ० |
| जोडप्रवासाची सोय | ४ | १ | ० | ० |
| वेग | ५ | १ | ४ | ५ |
| लहान शहरांपर्यंत पोहोच | २ | ५ | ४ | १ |
| दिवसातल्या फेऱ्या | ४ | २ | २ | ३ |
| वेळेची खात्री | ४ | २ | २ | ४ |
| तिकीट मिळण्याची सोय | २ | २ | ५ | ५ |
| लवकर काढल्यास स्वस्त | १ | ० | ५ | ५ |

रेल्वेला तिकीट-सोयीत २ का, याची नोंद: ऑगस्ट २००२ पासून रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण होतं, पण छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. बाकी रांग. डेक्कनने वेबसाइट, चोवीस तास फोन, पुढे पेट्रोल पंप आणि टपाल कार्यालयं अशी दारं उघडली आणि छापील तिकीटच रद्द केलं.

जुन्या कंपन्यांना लहान शहरांसाठी ० नाही. जेटकडेही एटीआर ७२ होती, आणि १९९४ पासूनच्या मार्ग-वाटप नियमांमुळे प्रत्येक कंपनीला मोठ्या मार्गांवरच्या क्षमतेच्या ठरावीक प्रमाणात आतल्या मार्गांवर उडावंच लागायचं. पण ते सक्तीचं उडणं होतं. त्यासाठी २ पुरे.

१४ जानेवारी

शीटमध्ये आलेख काढला. `Line chart`, ठिपक्यांसकट. काढल्या-काढल्या दोन चुका दिसल्या.

एक, घटकांचा क्रम बदलला की रेघेचा आकार बदलतो. दोन ठिपक्यांमधल्या तिरप्या रेघेला काहीच अर्थ नसतो, ती फक्त डोळ्याच्या सोयीसाठी. म्हणून क्रम आधी ठरवायचा आणि सगळ्या मसुद्यांत तोच ठेवायचा. आम्ही जुन्या कंपन्या जिथे भिडत होत्या ते घटक डावीकडे आणि डेक्कनने वर उचललेले उजवीकडे ठेवले. त्यामुळे डेक्कनची रेघ डावीकडे जमिनीला आणि उजवीकडे वर, अशी स्वच्छ दिसते. हे दाखवणं सोयीचं आहे, पण ते दाखवणंच आहे हे विसरायचं नाही. क्रम उलटसुलट केला तर तीच माहिती करवतीच्या दातांसारखी दिसते.

दोन, डोळ्याला फरक मोठा वाटतो म्हणून तो मोठा असतोच असं नाही. म्हणून आकड्यात काढला. प्रत्येक घटकातला फरक, चिन्ह सोडून, आणि त्याची सरासरी. तक्त्यात B जुन्या कंपन्या, D डेक्कन, E नव्या स्वस्त:

```
=SUMPRODUCT(ABS(B2:B12-D2:D12))/11
=SUMPRODUCT(ABS(E2:E12-D2:D12))/11
```

पहिलं उत्तर ३.०, दुसरं ०.६४. म्हणजे २००३ मध्ये डेक्कन स्पर्धकांपासून सरासरी तीन पायऱ्या दूर होती आणि तीन वर्षांत नव्या स्पर्धकांपासून एका पायरीपेक्षाही कमी. या एका सूत्रात सगळी केस आहे. मात्र हा आकडा सगळे घटक सारख्या वजनाचे धरतो, म्हणून तो दिशेसाठी वापरायचा, निकालासाठी नाही.

१७ जानेवारी

चार कृतींचा तक्ता: काय काढून टाकलं, काय कमी केलं, काय वाढवलं, काय नव्याने आणलं. हा भरणं सोपं आहे आणि म्हणूनच तो बहुधा नुसत्या विशेषणांनी भरलेला असतो. आम्ही नियम केला की 'काढलं' आणि 'कमी केलं' या रकान्यांतल्या प्रत्येक ओळीपुढे खर्च कुठे उतरतो ते लिहायचं. मूल्य वाढवून खर्च कमी, असं दोन्ही एकदम साधलं तरच त्याला ब्लू ओशन म्हणायचं. नाहीतर ती नुसती सूट.

जेवणाची ओळ धरून हिशेब केला. आकडे काल्पनिक आहेत, पण प्रमाण समजायला पुरेसे.

जुन्या पद्धतीचं विमान, १५० आसनं, दिवसाला पाच फेऱ्या. विमानाचं भाडं, विमा, पगार असा दिवसाचा ठरलेला खर्च ६,००,००० रुपये, म्हणजे फेरीला १,२०,०००. इंधन, विमानतळाची फी, जेवण असा फेरीचा चालू खर्च २,४०,०००. एकूण ३,६०,०००, आसनामागे २,४००.

आता फक्त जेवण काढलं. माणशी १५० रुपये धरले तर २२,५०० वाचले. आसनामागे २,२५०. बचत १५० रुपये, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्यावर कोणी ट्रेन सोडून येत नाही.

पण जेवण गेलं की गरम करायच्या ओव्हनची आणि ट्रॉल्यांची जागा मोकळी होते, बिझनेस क्लासही नाही, म्हणून त्याच विमानात १८० आसनं बसतात. केटरिंगची गाडी लागायची नाही, सांडलवंड कमी, साफसफाई पटकन, म्हणून विमान जमिनीवर कमी वेळ थांबतं आणि दिवसात सहावी फेरी निघते. ठरलेला खर्च फेरीला १,००,००० वर येतो. आता १,००,००० अधिक २,१७,५०० म्हणजे ३,१७,५००, भागिले १८०: आसनामागे १,७६४ रुपये.

२,४०० वरून १,७६४. या ६३६ रुपयांपैकी जेवणाचे स्वतःचे फक्त १५०. बाकीचे ४८६ जेवणाच्या मागोमाग आलेल्या आसनांचे आणि फेरीचे. जुनी कंपनी जेवण बंद करून डेक्कनशी बरोबरी करू शकत नव्हती ती यामुळे. बिझनेस क्लास मोडल्याशिवाय आणि वेळापत्रक नव्याने लावल्याशिवाय तिच्या हाती ते दीडशेच पडले असते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही इथेच लिहून ठेवतो: सहावी फेरी काढली की वेळापत्रकात फट राहत नाही. सकाळी धुक्यात अर्धा तास गेला की तो दिवसभर पुढच्या फेरीच्या डोक्यावर बसतो, आणि रात्रीची फेरी रद्द होते. 'वेळेची खात्री २' हा गुण इथून येतो. डेक्कनच्या उशिरा सुटणाऱ्या आणि रद्द होणाऱ्या उड्डाणांबद्दल तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर ओरड होती. चार कृतींच्या तक्त्यात वक्तशीरपणा 'कमी केला' या रकान्यात कोणीच लिहिला नव्हता. तो ठरवून कमी केलेला नव्हता, तो घसरला होता. अशा घटकासमोर आम्ही फुली मारली. घसरलेला घटक प्रतिस्पर्ध्यासाठी उघडं दार असतो.

२० जानेवारी

एक रुपयाचं तिकीट. चर्चेत हे सारखं 'जाहिरातबाजी' म्हणून उडवलं जातं. हिशेब असा मांडला.

१८० पैकी १३५ आसनं विकली. त्यातली ५ एक रुपयाला, ३० आसनं १,४९९ ला, ६० आसनं २,४९९ ला आणि उशिरा काढणाऱ्यांना ४० आसनं ३,४९९ ला. बेरीज ३,३४,८७५. फेरीचा खर्च ३,१७,५००. उरले १७,३७५. एक रुपयाची पाच आसनं नसती तरी विमान जवळजवळ तेवढंच कमावतं. पण ती आहेत म्हणून माणूस वेबसाइट उघडतो, महिनाभर आधी तारीख ठरवतो, आणि बहुतेक वेळा १,४९९ चं तिकीट घेऊन बाहेर पडतो. (एक रुपयावर प्रवासी सेवा शुल्क वेगळं, ते प्रत्येकाला भरावंच लागायचं.)

तेव्हा रेल्वेत तिकीट आदल्या आठवड्यात काढा की महिन्यापूर्वी, भाडं तेच असायचं. त्या माणसाला 'लवकर ठरवलं की स्वस्त' ही सवय लावणं, हीच नव्याने आणलेली गोष्ट.

मग स्पर्धक आणला. तो प्रत्येक पायरीवर ३०० रुपये उतरला आणि डेक्कनलाही उतरावं लागलं, एक रुपयाची आसनं सोडून. १३० गुणिले ३०० म्हणजे ३९,००० गेले. १७,३७५ चा नफा २१,६२५ चा तोटा झाला. तो भरून काढायला मधल्या पायरीची, म्हणजे आता २,१९९ ची, आणखी दहा आसनं विकायला हवीत. १३५ ऐवजी १४५. ऐकायला सोपं आहे, पण त्याच मार्गावर चौघे जण तीच जादा दहा आसनं विकायला निघालेत.

२३ जानेवारी

लाल होण्याचा क्रम तारखांनी मांडला. मे २००५ मध्ये स्पाइसजेट आणि किंगफिशर, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोएअर, ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो. इंडिगोने तर उडण्याच्या वर्षभर आधी, जून २००५ च्या पॅरिस एअर शोमध्ये एकदम १०० ए-३२० विमानांची ऑर्डर नोंदवली होती. ही बातमी कॅनव्हासवर टाकायला जागा नाही, पण शेवटच्या स्तंभाची रेघ कुठून आली ते तीच सांगते.

तक्त्यात डेक्कन आणि नव्या स्वस्त कंपन्या यांचे सात घटक तंतोतंत सारखे आहेत. बाकीच्या चारांपैकी वेग आणि फेऱ्या यांत एकेक पायरीचा फरक. खरा फरक दोनच ठिकाणी. लहान शहरांच्या पोहोचीत डेक्कन तीन पायऱ्या पुढे, वेळेच्या खात्रीत दोन पायऱ्या मागे.

यावरून प्रकल्पातलं मुख्य मत ठरलं. डेक्कनकडे एक नाही, दोन समुद्र होते. पहिला, महानगरांमध्ये १८० आसनांच्या ए-३२० वर स्वस्त भाडं. हा कोणीही, विमानं आणि पैसा असेल तर, दोन वर्षांत जसाच्या तसा उतरवू शकत होता, आणि उतरवलाच. दुसरा, ४८ आसनांच्या एटीआर ४२ वर लहान शहरं. याचा खर्च वेगळ्याच कारणांनी कमी होता. पन्नासपर्यंतच्या आसनांना एकच केबिन कर्मचारी पुरतो. छोट्या टर्बोप्रॉप विमानांच्या इंधनावर विक्रीकर चार टक्के, तर मोठ्या विमानांच्या इंधनावर अनेक राज्यांत तो वीस टक्क्यांच्या वर. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना देशांतर्गत उड्डाणासाठी लँडिंगची फी २००४ पासून माफ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या धावपट्टीवर दुसरं विमान नव्हतंच.

नव्या कंपन्यांनी यात हात घातला नाही, कारण त्यांचा सगळा हिशेब एकाच प्रकारच्या विमानावर उभा होता: एकाच प्रकारचे वैमानिक, एकच सुट्या भागांचं कोठार. एटीआर घेतली की तो मोडतो. म्हणजे डेक्कनच्या रेघेतला जो ठिपका उचलायला स्पर्धकाला स्वतःचं काहीतरी मोडावं लागत होतं, तोच खरा निळा. बाकीचे ठिपके उचलायला काहीच मोडावं लागत नव्हतं.

आणि डेक्कनने पैसा ओतला तो पहिल्या समुद्रात. दोन्ही प्रकारची विमानं बाळगण्याचा खर्च मात्र तिच्या अंगावर राहिला.

२७ जानेवारी

कॅनव्हासवर घातलेला एक नवा रकाना: 'उतरवायला काय मोडावं लागेल'. प्रत्येक घटकापुढे एक वाक्य. पॉइंट्स नाहीत: काही नाही. ऑनलाइन तिकीट: एजंटांचा रोष, एवढंच. लहान शहरं: ताफ्याचा एकसारखेपणा. असं लिहिलं की कुठल्या वेगळेपणाचं आयुष्य किती, ते साधारण कळतं. मूळ मांडणीत रेघेला तीन कसोट्या आहेत: ती मोजक्या गोष्टींवर केंद्रित असावी, इतरांपासून वेगळी असावी, आणि एका ओळीत सांगता यावी. डेक्कन तिन्हींत पास होते. तरीही बुडते. म्हणून हा नवा रकाना आमच्या मते हवाच.

एक आक्षेप आला: लहान शहरांचा समुद्र इतका चांगला होता तर नंतर कोणीच का नाही टिकलं? आक्षेप रास्त आहे. डेक्कन याच नावाने डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली परत आली, या वेळी महाराष्ट्रातच: मुंबई, नाशिक, पुणे, जळगाव, बीचक्राफ्ट १९००डी या १९ आसनांच्या विमानांनी. एप्रिल २०२० मध्ये ती बंद पडली. या योजनेत भाड्याला मर्यादा असते आणि तूट सरकार काही काळ भरून देतं. म्हणजे समुद्र निळा असला तरी त्याची खोली वेगळी तपासावी लागते. एका फेरीला १९ आसनं असतील तर चार रिकामी राहिली की एक पंचमांशाहून जास्त उत्पन्न गेलं. शिवाय त्या प्रवाशाला जायचं असतं मुंबईला, आणि मुंबईच्या धावपट्टीवर छोट्या विमानालाही मोठ्या विमानाएवढीच वेळेची जागा लागते. ती मिळते पहाटे किंवा भर दुपारी, आणि जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी जाऊन रात्री परत यायचं असतं.

म्हणून मत थोडं सौम्य करून लिहिलं: दुसरा समुद्र कमी गर्दीचा होता आणि उतरवायला अवघड होता. तो एकट्याने कंपनी जगवण्याएवढा मोठा होता, असा दावा या कॅनव्हासवरून करता येत नाही. कॅनव्हास मागणीचा आकार दाखवतच नाही.

३० जानेवारी

२००७-०८ ची रेघ शेवटी टाकली. २००७ च्या मध्यात किंगफिशरच्या यूबी समूहाने २६ टक्के हिस्सा घेतला, नाव 'सिम्प्लिफ्लाय डेक्कन' झालं, विलीनीकरण झालं आणि ऑगस्ट २००८ मध्ये ती 'किंगफिशर रेड' झाली. कॅनव्हासवर बघितलं तर जेवण वर सरकलं, भाडं वर सरकलं, पोहोच खाली आली. प्रत्येक ठिपका मधल्या उंचीकडे. सगळे ठिपके २ ते ३ च्या पट्ट्यात असलेली रेघ दिसली की समजायचं, ही कंपनी कशालाच नाही म्हणत नाही. किंगफिशर रेड बंद करत असल्याचं २०११ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालं.

सादरीकरणासाठी आलेखात चारच रेघा ठेवल्या: जुन्या कंपन्या, रेल्वे, डेक्कन, नव्या स्वस्त. ही पाचवी रेघ वेगळ्या पानावर, कारण एका चित्रात पाच रेघा झाल्या की मागच्या बाकावरून नुसता गुंता दिसतो. रेल्वेची रेघ तुटक, म्हणजे ती दुसऱ्या धंद्यातली आहे हे न सांगता कळेल. गुणांच्या खुणा परिशिष्टात, तिघांच्या मूळ गुणांसकट. परीक्षकाने 'वेळेची खात्री' घटकाचा डेक्कनचा २ हा गुण ३ केला तर काय होतं, हेही करून पाहिलं: दुसरं उत्तर ०.६४ वरून ०.५५ वर येतं, पहिलं ३.० वरून २.९१ वर. निष्कर्ष हलत नाही. 'लहान शहरांपर्यंत पोहोच' ४ वरून २ केली तर मात्र दुसरं उत्तर ०.४५ होतं आणि दोन समुद्रांचा मुद्दा बराच पातळ होतो. त्यामुळे त्या एका गुणासाठी २००५ आणि २००६ ची वेळापत्रकं शहरवार मोजून तक्ता जोडायचा आहे. तेवढं काम बाकी.